विश्रांतीतील नाडी आणि ऋतुमान

विश्रांतीतील नाडी म्हणजे शरीर आणि मन स्वस्थ असताना मिनिटाला पडणारे हृदयाचे ठोके. निरोगी प्रौढात हा आकडा सर्वसाधारणपणे ६० ते १०० असतो आणि नियमित व्यायाम करणाऱ्यांत तो ६० च्या खालीही जातो. एकाच माणसाची नाडी वर्षभर एकसारखी राहत नाही. कोकणपट्टीसारख्या दमट प्रदेशात ती उन्हाळ्यात काहीशी वाढते, पण किती वाढेल हे हवेइतकेच शरीराला उकाड्याची सवय झाली आहे की नाही यावरही अवलंबून असते.

उकाड्यात आतली उष्णता बाहेर टाकण्यासाठी त्वचेतील रक्तवाहिन्या रुंदावतात आणि बरेच रक्त त्वचेकडे वळते. हृदयाकडे परतणारे रक्त त्यामुळे थोडे कमी होते, प्रत्येक ठोक्याला बाहेर पडणारे रक्तही घटते, आणि ही तूट हृदय ठोके वाढवून भरून काढते. घामातून पाणी गेले व ते प्यायलेल्या पाण्याने भरून निघाले नाही, तर तूट आणखी वाढते. शरीराचे आतले तापमानच चढले, तर दर अंश सेल्सिअसमागे नाडी साधारण ८ ते १० ठोक्यांनी वाढते. तापात नाडी जलद होते ती मुख्यतः याच कारणाने.

दमटपणाचा प्रश्न वेगळा आहे. त्वचा गार होते ती घाम वाळल्यामुळे, नुसता गळल्यामुळे नाही. विदर्भात मे महिन्यात पारा ४३ अंशांच्या पुढे जातो, पण हवा कोरडी असल्याने घाम लगेच वाळतो. मुंबईत दुपारचे तापमान ३३–३४ अंशच असते. मात्र हवेत बाष्प भरपूर असल्याने घाम अंगावरून ओघळून वाया जातो. शिवाय मे महिन्यात तेथे रात्रीही पारा २७ अंशांच्या आसपास राहतो. पहाटेपर्यंत शरीराला पुरता गारवा मिळत नाही, झोप तुटक होते, आणि सकाळी मोजलेली नाडीही जानेवारीपेक्षा चढी येते.

रोज उष्णतेत वावरल्यास एक ते दोन आठवड्यांत शरीर जुळवून घेते. पहिला बदल रक्तात होतो: मूत्रपिंडे मीठ व पाणी राखून ठेवतात आणि पहिल्या काही दिवसांतच रक्तद्रवाचे प्रमाण वाढते. प्रत्येक ठोक्याला अधिक रक्त बाहेर पडू लागल्याने ठोके कमी पुरतात. नंतर घाम लवकर सुटू लागतो, अधिक येतो आणि त्यातले मीठ घटते. आतले तापमानही किंचित उतरते. मात्र अगदी दमट हवेत जादा घामाचा फायदा तेवढा होत नाही, कारण तो वाळतच नाही.

समजा, नाशिकला राहणाऱ्या एका व्यक्तीची जानेवारीतील सकाळची नाडी ६२ आहे आणि एप्रिलअखेर ती रत्नागिरीला राहायला गेली. पहिल्या आठवड्यात आकडा ६८–६९ येतो, पंधरवड्यानंतर ६४–६५ वर स्थिरावतो. हवा बदललेली नसते, शरीर बदललेले असते. खरा फरक मात्र श्रमात दिसतो. तोच चढ त्याच वेगाने चढताना पहिल्या दिवशी १३५ झालेली नाडी आता १२० च्या आसपास राहते. म्हणूनच सवय झाली की नाही हे पाहायचे तर ठरावीक श्रमानंतरची नाडी ही अधिक विश्वासार्ह खूण.

ही सवय टिकाऊ नसते. उष्णतेचा संपर्क तुटल्यावर तीन-चार आठवड्यांत तिचा बहुतेक भाग ओसरतो. दिवसभर वातानुकूलित खोलीत बसणाऱ्याला ती मुळात पुरती लागतच नाही, मग बाहेर कितीही उकडत असो. अमेरिकेत मनगटी यंत्रांच्या नोंदींवरून झालेल्या, २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात विश्रांतीतील नाडी जानेवारीत सर्वाधिक आणि जुलैत सर्वांत कमी आढळली. फरक दोनेक ठोक्यांचाच होता. तेथील घरे हिवाळ्यात तापवलेली आणि उन्हाळ्यात गार केलेली असतात, हे लक्षात घेता या निष्कर्षावरून कोकणाचा अंदाज बांधता येत नाही.

ऋतूंची तुलना करायची तर मोजण्याची पद्धत एकच हवी: सकाळी उठण्यापूर्वी, आडवे पडूनच, पूर्ण एक मिनिट, आणि सलग आठवड्याची सरासरी. मनगटी यंत्र रात्रीच्या झोपेतला आकडा देत असेल, तर तो सकाळी बोटांनी मोजलेल्या आकड्याशी जुळत नाही. दोन्ही नोंदी स्वतंत्र ठेवाव्या लागतात. नाडी मंद करणारी रक्तदाबाची काही औषधे घेणाऱ्यांत उष्णतेचा परिणाम झाकला जातो. सवय झाल्यानंतरही आकडा स्वतःच्या नेहमीच्या पातळीपेक्षा दहा-बारा ठोक्यांनी वर राहत असेल, तर ऋतूपेक्षा पाण्याची कमतरता, ताप, रक्तक्षय किंवा गलग्रंथीचा विकार यांचा शोध आधी घ्यावा. चक्कर, संभ्रम किंवा अंग भाजल्यासारखे तापणे यांसह नाडी जलद असेल, तर तो उष्माघात असू शकतो. अशा व्यक्तीला ताबडतोब गार करत रुग्णालयात न्यावे.