हैदराबादचं बिल, नांदेडचं क्रेडिट: टॅलीतून जीएसटीआर-१ चढवताना नाकारलेली बिलं कशी शोधायची

नांदेड, देगलूर, उदगीर, बिदर या भागातले दुकानदार हैदराबादेतून माल उचलतात. माल दोन दिवसांत पोहोचतो, पैसेही जातात. पण महिन्याच्या १४ तारखेला जीएसटीआर-२बी उघडली की एखादं बिल त्यात नसतंच. मग फोन सुरू होतात. "शेठ, तुमचं बिल दिसत नाही," हे वाक्य हैदराबादच्या प्रत्येक होलसेलवाल्याने ऐकलेलं असतं. बिल २बी मध्ये दिसल्याशिवाय इनपुट क्रेडिट घेता येत नाही, असा नियम १ जानेवारी २०२२ पासून आहे. म्हणजे विकणाऱ्याच्या संगणकावरची चूक घेणाऱ्याच्या खिशातून भरली जाते.

एक नमुना हिशेब घेऊ. सिकंदराबादच्या राणीगंजात एक मराठी माणूस कुलुपं-बिजागरींचा होलसेल धंदा करतो असं समजा. उलाढाल ५ कोटींच्या आत, त्यामुळे ई-इनव्हॉइस लागू नाही, आणि रिटर्न दरमहा. त्याला मागच्या महिन्याची विक्री ११ तारखेपर्यंत पोर्टलवर भरायची असते. टॅलीप्राइममध्ये जीएसटी नंबर असलेल्या गिऱ्हाइकांची १४० बिलं आहेत, करपात्र रक्कम १८,४०,००० रुपये. हे दोन आकडे कागदावर लिहून ठेवायचे. बरेच जण इथेच चुकतात. थेट फाइल काढतात आणि पुढे तुलना करायला हातात काहीच उरत नाही.

टॅलीत जीएसटीआर-१ चा रिपोर्ट उघडला की वरच्या भागात Uncertain Transactions (Corrections needed) अशी ओळ दिसते. तिथे आकडा असेल तर तेवढे व्यवहार रिटर्नमध्ये धरलेलेच नाहीत. आपल्या दुकानदाराकडे तिथे १ दिसतो. उदगीरचं १८,००० चं बिल आहे. त्याच्या बिलांचा क्रमांक RG/2025-26/0457 असा, १५ अक्षरांचा. त्याच दिवशी मुनीमजींनी मधे एक बिल घुसवलं आणि त्याला RG/2025-26/0457-A असा नंबर दिला. झाली १७ अक्षरं. नियमाने बिलाचा नंबर जास्तीत जास्त १६ अक्षरांचा चालतो, आणि खुणांमध्ये फक्त आडवी रेघ व तिरकी रेघ. नंबर बदलायचा आणि गिऱ्हाइकाला नवी प्रत पाठवायची. जुनी प्रत त्याच्याकडे राहिली तर त्याच्या खात्यात एक नंबर आणि २बी मध्ये दुसरा, असा घोळ पुढे चालू राहतो.

पण समजा हे बिल त्याच्या नजरेतून सुटलं. जेएसओएन फाइलमध्ये १३९ बिलं गेली. पोर्टलवर Returns Dashboard मधून महिना निवडायचा, जीएसटीआर-१ च्या चौकटीत Prepare Offline दाबायचं आणि फाइल चढवायची. फाइल लगेच पचत नाही. साधारण पंधरा मिनिटांनी खालच्या यादीत स्थिती बदलते. Processed आलं तर ठीक. Processed with Error आलं तर काही बिलं आत गेली आणि काही बाहेर राहिली. फसगत इथे होते, कारण फाइल गेली म्हणजे सगळी बिलं गेली असं वाटतं. त्याच ओळीतून एरर रिपोर्ट मागवायचा, तो तयार व्हायलाही थोडा वेळ लागतो. डाउनलोड झाला की जीएसटीच्या फुकट मिळणाऱ्या ऑफलाइन टूलमध्ये उघडायचा. कोणतं बिल का नाकारलं ते तिथे दिसतं.

आपल्याकडे पोर्टलवर १३६ बिलं आहेत, रक्कम १६,९५,०००. फरक चार बिलांचा, १,४५,००० चा. त्यातलं उदगीरचं बिल निघालंच नव्हतं. उरलेली तीन पोर्टलने नाकारली.

नांदेडचं ६२,००० चं बिल जीएसटी नंबर चुकीचा म्हणून परत आलं. नंबरातले दोन आकडे उलटसुलट झाले होते. पंधरावं अक्षर आधीच्या चौदांवरून काढलेलं असतं, म्हणून अशी चूक सहसा पकडली जाते. १८ टक्क्यांनी या बिलावर ११,१६० रुपये कर आहे. हे आज दुरुस्त झालं नाही तर नांदेडच्या माणसाला २० तारखेला तेवढी रक्कम रोखीने भरावी लागू शकते.

देगलूरच्या २७,००० च्या बिलात नंबर बरोबर आहे, पण पार्टीचं रजिस्ट्रेशन बिलाच्या तारखेआधीच रद्द झालेलं. पोर्टलच्या Search Taxpayer मध्ये तपासून पार्टीला फोन करायचा. रजिस्ट्रेशन पूर्ववत झालं असेल किंवा नवा नंबर असेल तर ठीक, नाहीतर ही विक्री विनानोंदणी गिऱ्हाइकाची म्हणून दाखवायची. कर मात्र भरावाच लागतो.

तिसरं बिल बिदरचं, ३८,००० चं. सीमाभागात नेहमी होणारी चूक ही. माल कर्नाटकात गेला, पुरवठ्याचं ठिकाण २९ लिहिलं, पण घाईत सीजीएसटी आणि एसजीएसटी ९-९ टक्के लावला. हैदराबादचा कोड ३६. राज्य ओलांडलं की आयजीएसटी, १८ टक्क्यांनी ६,८४०. बिलाची एकूण रक्कम तीच राहते, म्हणून दुकानात कुणाच्याच लक्षात येत नाही. पोर्टल मात्र असं बिल घेत नाही.

यावर काही जण एक शॉर्टकट काढतात. पुरवठ्याचं ठिकाण बदलून ३६ करतात. पोर्टल बिल मुकाट्याने घेतं, आकडे जुळतात, सगळे खूश. पण बिदरच्या व्यापाऱ्याच्या २बी मध्ये ते बिल क्रेडिट न मिळणाऱ्या रकान्यात पडतं, कारण तेलंगणाचा एसजीएसटी कर्नाटकातल्या माणसाच्या कामाचा नाही. त्यापेक्षा पोर्टलने नाकारलेलं बरं. टॅलीत व्हाउचर उघडून आयजीएसटी लावायचा आणि बिदरला सुधारित बिल पाठवायचं.

दुरुस्त्या टॅलीतच करायच्या. पोर्टलवर हाताने बदलल्या तर वर्षाअखेरीस हिशेब आणि रिटर्न जुळत नाही. मग नवी फाइल काढून पुन्हा चढवायची. रिटर्न फाइल होईपर्यंत त्याच पार्टीचं त्याच नंबरचं बिल आधीच्यावर लिहिलं जातं, दुप्पट होत नाही. एचएसएनचा तक्ताही त्याच फाइलमधून नव्याने जातो. तो जुनाच राहिला तर बिलांची रक्कम एक आणि एचएसएनची दुसरी असा फरक दिसतो.

शेवटी फक्त एकूण रक्कम जुळवून थांबू नका. सारख्या नावाच्या दोन पार्ट्या असतील आणि बिल चुकून दुसरीच्या खऱ्या, चालू नंबरावर गेलं, तर पोर्टलला त्यात काहीच चूक दिसत नाही. संख्या बरोबर, रक्कम बरोबर, फक्त माणूस चुकीचा. पोर्टलवरची यादी पार्टीवार टॅलीच्या यादीशी लावून बघितली तरच हे सापडतं, आणि ते फाइल करण्याआधीच बघायचं. फाइल केल्यानंतर आणि जीएसटीआर-३बी भरण्याआधी रक्कम किंवा कराची चूक जीएसटीआर-१ए मधून सुधारता येते. ही सोय जुलै २०२४ च्या रिटर्नपासून आली. घेणाऱ्याचा जीएसटी नंबर मात्र १ए मध्ये बदलता येत नाही. तो पुढच्या महिन्याच्या जीएसटीआर-१ मध्ये, तक्ता ९ए मधूनच सुधारतो. तोपर्यंत खऱ्या गिऱ्हाइकाचं क्रेडिट एक महिना लांबतं, आणि त्याचा फोन राणीगंजात येतोच.