इल्मची उतरंड

थेरगावात मुलांच्या शिक्षणाचा विषय निघाला की आम्ही दोन शब्द सहज वापरतो: दीनी आणि दुनियावी. मदरसा एका बाजूला, आयटीआय दुसऱ्या बाजूला. ही वाटणी फार जुनी आहे, असे आम्ही समजून चालतो. पण विद्यांची वर्गवारी करणारे जुने अरबी ग्रंथ पाहिले, तर रेघ याच ठिकाणी ओढलेली दिसत नाही.

असे ग्रंथ लिहिण्याची एक परंपराच होती. दहाव्या शतकात फाराबीने 'इहसा अल्-उलूम'मध्ये विद्यांची मोजदाद केली. त्याने भाषेपासून सुरुवात केली आणि मग तर्क, गणित, निसर्गविद्या व अध्यात्म अशा क्रमाने तो पुढे गेला. फिकह आणि कलाम यांना त्याने शेवटच्या प्रकरणात, राज्यकारभाराच्या विद्येसोबत बसवले.

इमाम गझाली (१०५८–११११) यांनी 'इह्या'च्या पहिल्याच भागात वेगळा प्रश्न विचारला: कोणती विद्या कोणावर बंधनकारक? जी प्रत्येकाला शिकावीच लागते ती फर्जे ऐन. जी गावातल्या काहींनी शिकली तरी पुरते, पण कोणीच न शिकल्यास सारे गाव दोषी ठरते, ती फर्जे किफाया. या दुसऱ्या यादीत त्यांनी तिब्ब आणि हिशेब तर घातलेच, शिवाय शेती, विणकाम, शिवणकाम आणि रक्त काढणाऱ्याची कलाही घातली. हातांचे कसबही त्यांनी फर्ज मानले. मात्र गरजेपलीकडचे बारकावे हा केवळ जादा गुण. ते फर्ज नव्हेत.

उलट फिकहला त्यांनी दुनियेच्या विद्यांत बसवले, कारण त्याचा संबंध माणसांच्या तंट्यांशी व कारभाराशी येतो. कित्येक गावांत मुसलमान वैद्य नाही, तरी सगळे फिकहकडेच धावतात, अशी त्यांची तक्रार होती. न्यायाधीशपद, वक्फची देखरेख आणि मानमरातब वैद्यकीतून मिळत नाहीत, हे कारणही त्यांनी सांगितले.

दर्जा ठरवायला त्यांच्याकडे दोन मापे होती: विद्येचे फळ आणि तिच्या पुराव्याची बळकटी. हिशेबाचा पुरावा पक्का, पण तिब्बचे फळ म्हणजे जीव वाचणे. या दोघांत फळाला जास्त वजन, म्हणून तिब्ब वरचढ. याच फळाच्या मापाने दीनची विद्या तिब्बच्याही वर जाते, कारण तिचे फळ आखिरतचे आहे.

म्हणजे उतरंड होतीच. गझालींनी सर्व विद्या सारख्या मानल्या नाहीत. जादूटोणा त्यांनी निंद्य ठरवला आणि तत्त्ववेत्त्यांच्या अध्यात्मावर कठोर टीका केली. तरीही तर्कशास्त्र त्यांनी टाकले नाही. ११०९ मधल्या 'मुस्तस्फा'च्या प्रस्तावनेत तर त्यांनी म्हटले की, ज्याला तर्क येत नाही त्याच्या ज्ञानावर भरवसा नाही.

पुढे मदरशांत मन्कूल म्हणजे परंपरेने आलेले आणि माकूल म्हणजे अकलेने जाणलेले, अशी विभागणी रूढ झाली. १३७७ मध्ये इब्न खल्दूनने आपल्या 'मुकद्दिमा'त तीच वापरली. तिथेही प्रश्न ज्ञान कोठून येते हा होता. आमचे दोन शब्द मात्र शाळा कोणती, एवढेच सांगतात. गावाला कोणाची गरज आहे, हे त्यांतून कळत नाही.