दोन छेदांची कुळकथा

प्रोसेसरला वारंवार लागणारी माहिती मुख्य मेमरीहून जलद अशा एका लहान साठ्यात हाताशी ठेवावी, ही कल्पना केंब्रिजच्या मॉरिस विल्क्स यांनी १९६५ साली एका छोटेखानी निबंधात मांडली आणि १९६८ मध्ये जाहीर झालेल्या आयबीएमच्या सिस्टम/३६० मॉडेल ८५ या यंत्रात ती व्यवहारात उतरली. हा साठा, म्हणजे कॅश, जोवर एकच होता तोवर त्याचा हिशेब सरळ होता. प्रोसेसरच्या एकूण मागण्या हा छेद, कॅशमध्ये न सापडलेल्या मागण्या हा अंश, आणि भागाकार तो मिस रेट. छेद कोणता घ्यावा, हा प्रश्नच कोणाला पडण्याचे कारण नव्हते.

तो प्रश्न उभा राहिला १९८०च्या दशकाच्या उत्तरार्धात. प्रोसेसरचा वेग मेमरीच्या वेगाला मागे टाकीत चालला होता, आणि चिपवर मावेल एवढी कॅश अगदीच तोकडी होती. १९८९ साली आलेल्या इंटेलच्या ८०४८६ मध्ये ती अवघी ८ किलोबाइट होती. म्हणून चिपबाहेर, मदरबोर्डावर, दुसरी मोठी कॅश बसविण्याचा प्रघात पडू लागला. त्याच वर्षी जेरुसलेम येथे भरलेल्या संगणकरचनेच्या आंतरराष्ट्रीय परिषदेत स्टॅनफर्डच्या प्रिझबिल्स्की, होरोविट्झ आणि हेनेसी यांनी बहुस्तरीय कॅशवरील निबंधात लोकल आणि ग्लोबल ही दोन प्रमाणे काटेकोरपणे वेगळी काढली, आणि पुढे पाठ्यपुस्तकांतून हाच भेद रूढ झाला.

भेद आहे तो केवळ छेदाचा. एका कार्यक्रमाने मेमरीकडे २०,००० मागण्या केल्या, त्यांतील १,००० पहिल्या कॅशमध्ये सापडल्या नाहीत, आणि त्या हजारांतील ३०० दुसऱ्या कॅशमध्येही सापडल्या नाहीत, असे समजू. पहिल्या कॅशचा मिस रेट ५ टक्के. तिच्याकडे सर्वच मागण्या येतात, म्हणून तिचे लोकल आणि ग्लोबल प्रमाण एकच. दुसऱ्या कॅशपुढे मात्र फक्त १,००० मागण्या आल्या. त्या छेदाने ३०० ला भागले की लोकल मिस रेट ३० टक्के येतो, आणि प्रोसेसरच्या मूळ २०,००० मागण्यांनी भागले की ग्लोबल मिस रेट दीड टक्का.

तीस टक्क्यांचा आकडा पाहून दुसऱ्या कॅशला नालायक ठरविणे हा तिच्यावर अन्याय होय. मामलेदार कचेरीत जे तंटे मिटतात ते जिल्ह्याच्या दप्तरात जात नाहीत. वर चढतात ते अवघडच, आणि तेवढ्यांवरून जिल्हा कचेरीची परीक्षा करता येत नाही. पुनःपुन्हा लागणारी, सहज सापडणारी माहिती पहिली कॅश आधीच पुरविते आणि दुसरीच्या वाट्याला उरतो तो हट्टी गाळ.

आता पहिली कॅश मोठी केली आणि तिच्या चुकलेल्या मागण्या १,००० वरून ५०० वर आल्या, तर दुसरीच्या चुकलेल्या मागण्या फारशा हलत नाहीत. त्या २९० झाल्या असे धरू. दुसऱ्या कॅशला कोणी हातही लावलेला नसताना तिचा लोकल मिस रेट ३० वरून ५८ टक्क्यांवर उडी घेतो, आणि ग्लोबल मात्र दीड टक्क्यावरून १.४५ वर किंचित उतरतो. स्टॅनफर्डच्या त्या निबंधातील मला सर्वांत मोलाचे वाटणारे निरीक्षण हेच, की दुसरी कॅश पहिलीहून पुष्कळ मोठी असेल तर तिचा ग्लोबल मिस रेट, ती एकटीच असती तर जेवढा असता, जवळजवळ तेवढाच राहतो. म्हणूनच दुसऱ्या कॅशची पारख ग्लोबल प्रमाणाने करावी.

लोकल प्रमाण मात्र त्यामुळे निरुपयोगी ठरत नाही. सरासरी वेळ काढताना पायरीपायरीने गुणाकार करावयाचा तर तेच लागते. पहिल्या कॅशला १ सायकल, दुसरीपर्यंत जाण्याचा जादा दंड १० आणि मेमरीचा १०० मानल्यास आधीच्या रचनेत १ + ०.०५ × (१० + ०.३० × १००), म्हणजे ३ सायकल. कंसात ०.३० च्या जागी ग्लोबलचे ०.०१५ घातले की उत्तर १.५७५ येते आणि यंत्र आहे त्याच्या जवळपास दुप्पट वेगवान भासते, कारण पाच टक्क्यांची चाळणी दोनदा लागते. पडताळा कच्च्या आकड्यांवरून घ्यावा: २०,००० × १, १,००० × १० आणि ३०० × १०० मिळून ६०,००० सायकल, भागिले २०,०००, पुन्हा ३. मोठ्या पहिल्या कॅशच्या रचनेत हाच हिशेब २.७ वर येतो, म्हणजे लोकल प्रमाण बिघडलेले दिसत असताना यंत्र प्रत्यक्षात सुधारलेले असते.

हे सारे एका अटीवर अवलंबून आहे: दुसऱ्या कॅशकडे येणाऱ्या मागण्या आणि पहिलीच्या चुकलेल्या मागण्या समसमान असल्या पाहिजेत. ८०४८६ ची कॅश राइट-थ्रू होती, म्हणजे प्रत्येक लेखन ती बाहेरही पाठवी, मग तो पत्ता तिच्यात असो वा नसो. अशा वेळी दुसरीच्या दारी हजारो लेखने येऊन लोकल प्रमाणाचा छेद फुगतो आणि दोन्ही कॅशच्या लोकल प्रमाणांच्या गुणाकारातून ग्लोबल प्रमाण निघत नाही. म्हणून मोजणी हाती आली की आधी पहिलीच्या चुकलेल्या आणि दुसरीकडे आलेल्या मागण्या, या दोन संख्या शेजारी मांडाव्यात. त्या जुळल्या नाहीत, तर वाचन आणि लेखन यांची खाती वेगळी केल्याखेरीज भागाकार करू नये.