चार चमच्यांचा एक चमचा

मेलबर्नच्या वहिनीने पाठवलेल्या पुडिंगच्या कृतीत दोन टेबलस्पून कॉर्नफ्लोअर आहे. तिकडचा टेबलस्पून २० मिलीचा, म्हणजे चार टीस्पूनचा. आपल्या संचातला १५ मिलीचा, तीनचाच. त्यामुळे इथे १० मिली कमी पडतं आणि पुडिंग सैल राहतं. वर दोन टीस्पून घाला, झालं!

मला गंमत वाटते ती या चाराची. जुने ब्रिटिश औषधविक्रेते टीस्पून म्हणजे एक ड्रॅम (साधारण साडेतीन मिली) आणि टेबलस्पून म्हणजे अर्धा औंस, अर्थात चार ड्रॅम धरत. पुढे टीस्पून वाढून ५ मिलीचा झाला, टेबलस्पून मात्र जवळपास तेवढाच राहिला, म्हणून चाराचे तीन झाले. ऑस्ट्रेलियाच्या मेट्रिक मापात चार आहेत, पण त्यासाठी मोठा चमचाच फुगलाय.