नाम तेच, शब्द एकच बदलता : लक्ष टिकवणारे नामजपाचे आवर्तन कसे रचतात?

हरिनाम सप्ताहात किंवा घरच्या एकादशीच्या भजनात नामगजर सुरू होतो. पहिली दोन-तीन मिनिटे सगळे मनापासून म्हणतात. मग हळूहळू टाळ वाजत राहतो, तोंड चालू राहते आणि मन मात्र गॅसवर ठेवलेल्या दुधाकडे किंवा उद्याच्या कामाकडे जाते. गंमत म्हणजे ताल चुकत नाही, शब्द चुकत नाही, त्यामुळे मन निघून गेल्याचे स्वतःलाही कळत नाही.

यात भक्ती कमी पडते असे नाही. एकच शब्द सलग उच्चारत राहिले की काही वेळाने त्याचा अर्थ पुसट होतो आणि नुसता आवाज उरतो. मानसशास्त्रात याला ‘सिमँटिक सॅटिएशन’ म्हणतात. लिऑन जेकोबोविट्स यांनी 1962 मध्ये कॅनडातील मॅकगिल विद्यापीठात या विषयावर पीएचडीचा प्रबंध लिहिला. अनुभव घ्यायचा असेल तर ‘चमचा’ हा शब्द मिनिटभर भरभर म्हणून पाहावा. थोड्या वेळाने तो आपल्या भाषेतला शब्द आहे यावरही विश्वास बसत नाही. थोडे थांबले की अर्थ परत येतो, पण नामगजरात थांबायचे नसते. म्हणून नाव जागेवर ठेवून शेजारचा एक शब्द हळूहळू बदलण्याची युक्ती उपयोगी पडते.

ही कल्पना नवी नाही

तुकोबांच्या एका प्रसिद्ध अभंगात विठ्ठल हे नाव तसेच राहते आणि त्याला जोडलेला शब्द बदलतो. संध्येतल्या चोवीस नावांत याच्या उलट घडते. तिथे ‘नमः’ कायम असते आणि केशव, नारायण, माधव अशी नावे बदलतात.

युरोपातही असे उदाहरण सापडते. पंधराव्या शतकाच्या सुरुवातीला जर्मनीतल्या ट्रिअर येथील मठात डोमिनिक ऑफ प्रशिया नावाचे संन्यासी होते. ‘आवे मारिया’ ही प्रार्थना माळेवर पन्नास वेळा म्हणायची असे. त्या काळी ती येशूच्या नावावर संपत असे. डोमिनिक यांनी त्या नावापुढे प्रत्येक वेळी येशूच्या चरित्रातला एकेक प्रसंग सांगणारे छोटे वाक्य जोडले. अशी पन्नास वाक्ये झाली. प्रार्थना तीच राहिली, शेपूट तेवढे बदलत गेले.

आधी मोजमाप

मराठी भजनासाठी असे आवर्तन रचायचे तर सुरुवात अर्थापासून नाही, मात्रांपासून करावी. ‘विठ्ठल’ शब्दात ‘वि’नंतर जोडाक्षर येते, म्हणून ‘वि’ दोन मात्रांचा होतो. पुढचे ‘ठ्ठ’ आणि ‘ल’ एकेक मात्रेचे. एकूण चार. म्हणजे ‘विठ्ठल विठ्ठल’ म्हटले की आठ मात्रा होतात आणि भजनी ठेक्याचे एक आवर्तन बरोबर भरते.

आता ओळीच्या सुरुवातीला चार मात्रांची एक मोकळी जागा ठेवायची आणि पुढे तीन वेळा नाव घ्यायचे : ‘ओठी विठ्ठल, विठ्ठल विठ्ठल’. ही सोळा मात्रांची, म्हणजे ठेक्याच्या दोन आवर्तनांची ओळ झाली. मोकळ्या जागेत येणारा प्रत्येक शब्द चारच मात्रांचा हवा. ‘ओठी’ चालतो, ‘कानी’ चालतो. ‘मनी’ तीन मात्रांचा आहे, त्यामुळे ‘म’ ओढावा लागतो. ‘पंढरी’ पाच मात्रांचा, तो पुढच्या नावाच्या अंगावर येतो. म्हणणाऱ्यांना मात्रांचा हिशेब ठाऊक नसला तरी अशा जागी अर्धी मंडळी पुढे जातात आणि अर्धी मागे राहतात.

बदलता शब्द ओळीच्या शेवटी ठेवला तर? मग समूहाला तीन वेळा नाव घेताना तो शब्द डोक्यात धरून ठेवावा लागतो, आणि नावाकडे जायला हवे ते लक्ष शब्द न विसरण्यात खर्च होते. सुरुवातीला ठेवला की शब्द लगेच म्हणून होतो, मन मोकळे होते आणि उरलेली ओळ नावासाठी राहते.

नऊ शब्दांचा एक नमुना

एक रचना अशी करता येते : ओठी, कानी, नेत्री, हाती, पायी, दारी, मार्गी, तीरी, चित्ती. नऊही शब्द चार मात्रांचे आणि सगळे ‘ई’ने संपणारे. प्रत्येकाचा अर्थ ‘कुठे’ या एकाच प्रश्नाचे उत्तर देतो. मध्येच ‘माझा विठ्ठल’ घातले तर मात्रा जुळतील, पण प्रश्न बदलेल आणि ऐकणाऱ्याला ठेच लागेल.

या शब्दांचा क्रमही महत्त्वाचा आहे. नाव आधी ओठावर येते, मग स्वतःच्याच कानाला ऐकू येते, मग डोळ्यांपुढे रूप येते. हातात टाळ आहेत, पाय निघालेले आहेत. तिथून दार, वाट आणि चंद्रभागेचा तीर असा वारीचा रस्ता लागतो. शेवटच्या शब्दाला नाव पुन्हा आत येते. ‘हाती’नंतर ‘पायी’ येणार हे सगळे ओळखतात. ‘पायी’नंतर ‘दारी’ येईल असे सहसा कोणाला वाटत नाही, पण आले की पटते. पुढचा शब्द दर वेळी ओळखता आला तर मन पुन्हा झोपते, कधीच ओळखता आला नाही तर नामाचे कोडे होते.

‘हळूहळू’ म्हणजे किती? म्होरक्याने ओळ म्हणायची, मंडळींनी तीच परत म्हणायची, असे एका शब्दावर चार वेळा करावे. एका ओळीत नाव तीनदा येते, म्हणजे प्रत्येकाच्या तोंडून एका शब्दाला बारा नामे होतात. नऊ शब्दांची 108, म्हणजे माळ पूर्ण.

वेळेचाही हिशेब सोपा आहे. मिनिटाला 96 मात्रांची लय ठेवली, फोनवरचा मेट्रोनोम तेवढ्यावर लावून पाहता येते, तर सोळा मात्रांची ओळ दहा सेकंदांत होते. म्होरक्याची दहा आणि मंडळींची दहा मिळून वीस सेकंद, अशा चार फेऱ्यांना 80 सेकंद. नऊ शब्दांचे पूर्ण आवर्तन बारा मिनिटांत बसते. म्होरक्याची ओळ चालू असताना मंडळींना श्वास घ्यायला निवांत जागाही मिळते.

बिघडते कुठे, आणि कळते कसे

खरी परीक्षा शब्द बदलतो त्या क्षणी होते. म्होरक्या ‘दारी’ म्हणतो आणि मंडळींतून दोन-चार आवाज सवयीने ‘पायी’ म्हणतात. ही चूक लाजिरवाणी नाही. ज्यांचे मन बाहेर गेले होते ते त्यामुळे परत येतात, आणि एरवी न दिसणारी गोष्ट सगळ्यांना ऐकू येते. म्होरक्याने तिथे थांबून काही सांगू नये, दुसऱ्या फेरीत ओळ आपोआप जुळते.

दुसऱ्या-तिसऱ्या फेरीतही गोंधळ राहिला तर दोष मंडळींचा नाही. शब्द मात्रेत बसत नसेल, अवघड असेल किंवा म्होरक्याने तो पुटपुटला असेल. नवा शब्द पहिल्यांदा म्हणताना टाळ किंचित हलके करावेत, एवढ्यानेही बरेच काम होते.

दुसरा बिघाड लयीचा. भजन रंगले की लय चढते. 96 मात्रांच्या लयीत बदलत्या शब्दाला अडीच सेकंद मिळतात. लय 160 वर गेली की दीड सेकंदच उरतो. शब्द गिळला जातो आणि कुणी काय म्हणतो ते कळेनासे होते. द्रुत गजर हवाच असेल तर नऊ शब्द संपल्यावर नुसत्या नावाचा करावा.

तिसरा बिघाड जास्त फसवा आहे. म्होरक्या हौशी असला की प्रत्येक ओळीला नवा शब्द काढू लागतो. मंडळी खूश होतात, हसतातही, आणि लक्ष पूर्ण जागे असते. पण ते पुढच्या शब्दावर असते, नावावर नसते. भजन संपल्यावर लोक कोणता शब्द छान होता याचीच चर्चा करत असतील तर बदल फार वेगाने झाला असे समजावे.

एकट्याने जप करताना

म्होरक्या नसेल तर मोजायचे काम बोटांची पेरे करतात. अंगठा सोडून चार बोटांना प्रत्येकी तीन पेरे. एका ओळीत तीन नामे, म्हणून एक बोट म्हणजे एक ओळ. चार बोटे झाली की बारा नामे होतात आणि शब्द बदलायची वेळ येते. डाव्या हाताच्या पेरांवर शब्द मोजावेत, तीन बोटे भरली की नऊ शब्द पूर्ण. परंपरेतल्या करमाळेत मधल्या बोटाची दोन पेरे सोडून दहापर्यंत मोजतात, ही मोजणी तिच्याहून वेगळी आहे.

ही युक्ती सगळीकडे लावू नये. गुरूंनी दीक्षेत दिलेल्या मंत्रात स्वतःच्या मनाने शब्द घालत नाहीत. दिंडीतल्या भजनाचाही क्रम ठरलेला असतो, तिथे नवा प्रयोग करणे बरे दिसत नाही. ज्यांचे मन नुसत्या नामावर सहज स्थिरावते त्यांना बदलता शब्द मध्येच टोचल्यासारखा वाटतो, आणि त्यांची तक्रार रास्त असते. नव्याने बसणाऱ्यांच्या मंडळात किंवा मुले सोबत असताना याचा उपयोग जास्त.

शिवाय नऊ शब्द काही आठवड्यांत पाठ होतात आणि मग तेही तोंडाच्या सवयीने निघू लागतात. शब्द बदलताना एकही आवाज चुकत नाही, पण आवर्तन संपल्यावर ‘तीरी’ म्हटले होते की नाही हे कुणाला आठवत नाही, अशी वेळ आली की दुरुस्ती करावी. पूर्ण यादी बदलण्याची गरज नसते. दर एकादशीला एकच शब्द बदलावा, तोही चार मात्रांचाच : ‘मार्गी’च्या जागी ‘रानी’, पुढच्या वेळी ‘दारी’च्या जागी ‘गावी’. महिन्यात दोन एकादश्या धरल्या तर नऊ शब्दांची यादी साधारण साडेचार महिन्यांत पूर्ण नवी होते, आणि मधल्या काळात कोणत्या जागी नवा शब्द येणार हे म्होरक्याशिवाय कुणालाच माहीत नसते.