लोकसंख्येनुसार देशांची क्रमवारी

देशांना लोकसंख्येच्या उतरत्या क्रमाने लावले की त्यांची क्रमवारी मिळते. प्रत्येक आकडा विशिष्ट दिवसाचा असतो, विशिष्ट भूप्रदेशाचा असतो आणि विशिष्ट पद्धतीने काढलेला असतो. या तीन गोष्टी जुळत नसतील तर दोन प्रामाणिक तक्त्यांत एकाच देशाचा क्रमांक वेगळा येऊ शकतो. दोन देशांमध्ये मोठे अंतर असेल तर त्याने काही बिघडत नाही. अंतर अगदी थोडे असेल तेव्हा मात्र क्रमांक माणसांच्या संख्येपेक्षा पद्धतीवर ठरतो. भारताने चीनला मागे टाकले ते नेमके कधी, या प्रश्नात ही गोष्ट सर्वांत स्पष्ट दिसते.

एप्रिल 2023 मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या लोकसंख्या निधीचा वार्षिक अहवाल आला. त्यात 2023 च्या मध्यासाठी भारताची लोकसंख्या 142.86 कोटी आणि चीनची 142.57 कोटी दिली होती, म्हणजे भारत पहिला. त्याच वर्षी जुलैमध्ये लोकसभेत गृह राज्यमंत्र्यांनी लेखी उत्तरात 1 जुलै 2023 रोजीची भारताची अंदाजित लोकसंख्या 139.23 कोटी सांगितली. चीनच्या राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या मते त्या देशात 2022 च्या अखेरीस 141.18 कोटी लोक होते. दोन्ही देशांचे स्वतःचे सरकारी आकडे शेजारी ठेवले तर 2023 च्या मध्यावर भारत अजून दुसराच होता. अमेरिकेच्या जनगणना कार्यालयाच्या अंदाजांवर आधारलेल्या ‘वर्ल्ड फॅक्टबुक’मध्येही 2023 साठी चीन 141.3 कोटी आणि भारत 139.9 कोटी असे आकडे होते. यांतला कोणताही आकडा बनावट नाही. फरक त्यांच्या बांधणीत आहे.

संयुक्त राष्ट्रांचा आकडा ‘वर्ल्ड पॉप्युलेशन प्रॉस्पेक्ट्स’ या मालिकेतून येतो. 2023 चे वरील आकडे या मालिकेच्या जुलै 2022 च्या आवृत्तीतले, म्हणजे त्या वेळी पुढच्या वर्षासाठी काढलेले भाकीत होते. मालिकेत वर्षाचा आकडा 1 जुलैचा धरतात. तो काढण्याच्या पद्धतीला घटक पद्धत म्हणतात. आरंभीच्या लोकसंख्येचे वय आणि लिंगानुसार गट पाडायचे, प्रत्येक गट एकेक वर्षाने पुढे सरकवायचा, त्यातून मृत्यू वजा करायचे, प्रजननक्षम वयाच्या स्त्रियांच्या संख्येवरून जन्म मिळवायचे आणि शेवटी देशात आलेल्या-गेलेल्यांचा हिशोब करायचा. भारताच्या राष्ट्रीय लोकसंख्या आयोगाचा तांत्रिक गट आणि अमेरिकेचे जनगणना कार्यालयही हीच रीत वापरतात. पद्धत एकच असूनही निष्कर्ष वेगळे निघतात, कारण आरंभीचा आकडा आणि पुढच्या जन्म-मृत्यूंची गृहीतके वेगळी असतात.

भारताच्या बाबतीत आरंभीचा आकडा म्हणजे 2011 ची जनगणना. तिचा संदर्भक्षण 1 मार्च 2011 च्या सुरुवातीचा, मध्यरात्रीचा होता. हिमाच्छादित भागांसाठी मात्र तो 1 ऑक्टोबर 2010 होता. अंतिम संख्या 1,21,08,54,977 इतकी आली. शेवटच्या अंकापर्यंत छापलेली ही संख्या पाहून ती तितकीच अचूक आहे असा समज होतो, पण जनगणना विभागानेच नंतर पडताळणी केली. मोजणीनंतरच्या या सर्वेक्षणात निवडक भागांत पुन्हा जाऊन कोण सुटले आणि कोण दोनदा मोजले गेले हे तपासतात. 2011 मध्ये दर हजारी सुमारे 23 माणसे निव्वळ सुटल्याचे आढळले. 121 कोटींवर हे प्रमाण लावले तर साधारण 2.8 कोटी लोक होतात.

इथे दोन रस्ते फुटतात. राष्ट्रीय लोकसंख्या आयोगाच्या तांत्रिक गटाने 2011 ते 2036 या काळाचे प्रक्षेपण करताना जनगणनेचा 121.1 कोटींचा आकडाच पायाला घेतला. लोकसभेत सांगितलेला 139.23 कोटींचा आकडा याच प्रक्षेपणातला आहे. संयुक्त राष्ट्रांचे लोकसंख्याशास्त्रज्ञ जनगणनेचा आकडा जसाच्या तसा घेत नाहीत. सुटलेल्यांची भर घालून आणि आधीच्या जनगणना, जन्म-मृत्यूंच्या नोंदी व सर्वेक्षणे एकमेकांशी जुळवून ते स्वतःची मालिका बांधतात. त्यामुळे 2023 च्या दोन भारतीय आकड्यांत सुमारे 3.6 कोटींचे अंतर पडते. जनगणनेत सुटलेल्या अंदाजे 2.8 कोटींशी ते ताडून पाहिले की या अंतराचा मोठा भाग 2011 मध्येच तयार झाला असावा हे लक्षात येते. उरलेला भाग पुढच्या दशकभरात जन्मदर किती वेगाने उतरला याच्या गृहीतकांचा आहे. एप्रिल 2023 च्या अहवालात भारत चीनच्या पुढे होता तो अवघ्या 29 लाखांनी. ज्या जनगणनेवर सगळी इमारत उभी आहे तिच्यातली ज्ञात त्रुटीच या अंतराच्या जवळजवळ दहापट होती. त्यामुळे ‘भारत अमुक दिवशी पहिला झाला’ हे विधान तारखेसकट करणे मला योग्य वाटत नाही. संयुक्त राष्ट्रांनीही एप्रिल 2023 अखेर भारत चीनच्या बरोबरीला येईल असे सांगताना नेमका क्षण अनिश्चित असल्याचे नोंदवले होते. बातम्यांच्या मथळ्यांत तेवढे वाक्य मात्र राहिले नाही.

चीनचा आकडा वेगळ्या वाटेने येतो. तिथे शेवटची जनगणना 1 नोव्हेंबर 2020 ची आहे. त्यानंतर दरवर्षी सुमारे हजारात एक इतक्या लोकांचे नमुना सर्वेक्षण करून 31 डिसेंबरचा आकडा जाहीर होतो. म्हणजे भारताचा सरकारी आकडा बारा वर्षांपूर्वीच्या मोजणीवरून पुढे नेलेला, तर चीनचा जेमतेम दोन वर्षांपूर्वीच्या मोजणीवर आधारलेला. कोणाला मोजायचे हेही सारखे नाही. भारतात मोजणीच्या काळात माणूस जिथे सापडेल तिथे त्याची नोंद होते. त्या सबंध काळात परदेशी असलेला माणूस, मग तो पुण्याचा विद्यार्थी असो वा आखातात काम करणारा रत्नागिरीचा गवंडी, भारताच्या संख्येत येत नाही. चीन मात्र परदेशी शिकायला किंवा कामाला गेलेल्या नागरिकांना धरतो आणि मुख्य भूमीत राहणाऱ्या परदेशी लोकांना 141.18 कोटींत धरत नाही.

तारखेचा परिणामही लहान नाही. संयुक्त राष्ट्रांच्या त्याच आवृत्तीनुसार भारताची लोकसंख्या वर्षाला सुमारे 1.14 कोटींनी वाढत होती. म्हणजे 1 जुलैऐवजी 31 डिसेंबर धरला तर भारताच्या बाजूला जवळपास 57 लाख लोकांची भर पडते, 29 लाखांच्या आघाडीच्या दुप्पट. चीनची संख्या त्याच काळात घटू लागली होती. 2022 मध्ये तिथे जन्मांपेक्षा मृत्यू साडेआठ लाखांनी जास्त झाले. म्हणून एका देशाचा वर्षअखेरचा आकडा दुसऱ्याच्या वर्षमध्याशी ताडणे ही या विषयातली सर्वांत सहज होणारी चूक आहे. वर दोन्ही सरकारांचे आकडे शेजारी ठेवले तेव्हाही चीनचा आकडा सहा महिने जुना होता. तिथे दोन कोटींचे अंतर असल्याने निष्कर्ष बदलला नाही, इतकेच.

जागतिक बँकेचा तक्ता या बाबतीत विशेष पाहण्यासारखा आहे. बँक वर्षमध्याचे आकडे देते, पण प्रत्येक देशासाठी स्रोत एकच नसतो. 2022 साठी तिने चीनचा आकडा 141.2175 कोटी दिला होता. हा कुठून आला ते घरबसल्या तपासता येते. चीनच्या सरकारी आकड्यांनुसार 2021 अखेर 141.26 कोटी आणि 2022 अखेर 141.175 कोटी लोक होते. दोन्हींची सरासरी काढली की बरोबर 141.2175 कोटी मिळते. भारताचा आकडा मात्र संयुक्त राष्ट्रांच्या मालिकेतला, 141.72 कोटी होता. म्हणजे सुटलेल्यांची भर घातलेला भारताचा आकडा आणि चीनचा सरकारी आकडा एकाच रकान्यात आले, आणि त्या तक्त्यात भारत 2022 मध्येच पहिला ठरला. संयुक्त राष्ट्रांच्या तेव्हाच्या स्वतःच्या मालिकेत ते स्थान 2023 चे होते.

भूप्रदेशाचा प्रश्न अजून उरतोच. वरच्या सर्व तुलनांत ‘चीन’ म्हणजे फक्त मुख्य भूमी. हाँगकाँगचे सुमारे 75 लाख आणि मकावचे सुमारे 7 लाख लोक संयुक्त राष्ट्रांच्या तक्त्यात वेगळ्या ओळींत असतात. ते चीनमध्ये मिळवले तर 2023 च्या मध्यासाठी चीन 143.4 कोटींवर जातो आणि 142.86 कोटींचा भारत मागे राहतो. भारताच्या वाढीचा वेग पाहता ही पिछाडी सहाएक महिन्यांत भरून निघते, पण त्या वर्षाच्या तक्त्यातला क्रमांक तरी उलटतो. तैवानही धरला तर आणखी सुमारे 2.4 कोटींची भर पडते आणि भारताचे पहिले स्थान दोन-अडीच वर्षांनी पुढे ढकलले जाते.

मालिकेच्या जुन्या वर्षांचे आकडेही स्थिर नसतात. नवी आवृत्ती निघाली की संयुक्त राष्ट्रे उपलब्ध झालेल्या नव्या माहितीवरून मागची वर्षेही पुन्हा काढतात. 2024 च्या आवृत्तीत 2022 च्या मध्यासाठी भारत 142.54 कोटी आणि चीन 142.52 कोटी आहे. आधीच्या आवृत्तीत ज्या वर्षात चीन पुढे होता, त्याच वर्षात आता भारत जेमतेम दोन-अडीच लाखांनी पुढे दिसतो. एका लेखात 2022 च्या आवृत्तीचा आणि दुसऱ्यात 2024 च्या आवृत्तीचा आकडा असला तर दोन्हींवर ‘स्रोत : संयुक्त राष्ट्रे’ असेच लिहिलेले असते. म्हणून आकड्याच्या वर्षाइतकेच आवृत्तीचे वर्षही लिहायला हवे. संकेतस्थळांवर दर क्षणाला पळणारी लोकसंख्येची घड्याळे कोणाला मोजत नाहीत. वर्ल्डोमीटरसारखे घड्याळ संयुक्त राष्ट्रांच्या वार्षिक आकड्यांवरून दर सेकंदाची वाढ काढून अंक पुढे ढकलते, आणि तिथेही नवी आवृत्ती आली की संख्या एकदम उडी घेते.

आकड्यात मोठी चूक असूनही क्रमांक अढळ राहिल्याचे उदाहरण ब्राझीलचे. 2022 च्या जनगणनेत तिथे सुमारे 20.3 कोटी लोक मोजले गेले, तर संयुक्त राष्ट्रांचा त्या वर्षाचा अंदाज 21.5 कोटी होता. फरक सव्वा कोटीच्या आसपास, पण खालचा बांगलादेश सुमारे 17 कोटींवर असल्यामुळे ब्राझील सातवाच राहिला. नायजेरियाची शेवटची जनगणना 2006 ची आहे. त्यानंतरचा तिचा प्रत्येक आकडा प्रक्षेपणाचा असल्याने तिच्या क्रमांकाबाबत अधिक सावध राहावे लागते.

भारताच्या पुढच्या जनगणनेचा संदर्भक्षण 1 मार्च 2027 असा जून 2025 मध्ये अधिसूचित झाला. हिमाच्छादित भागांसाठी तो 1 ऑक्टोबर 2026 आहे. तिचे निकाल आणि त्यानंतरची पडताळणी हाती आली की 2011 पासून पुढे सरकवलेल्या सर्व मालिका नव्या पायावर बसवाव्या लागतील. त्या वेळी 2022 आणि 2023 या वर्षांचे भारताचे आकडेही पुन्हा काढले जातील, आणि पहिल्या क्रमांकाचे वर्ष काही तक्त्यांत आणखी एकदा बदलू शकेल.