लांबच्या खोलीतल्या टीव्हीसाठी मेश वाय-फायचा नोड नेमका कुठे ठेवायचा?

आमचं घर चाकणच्या जुन्या गावठाणात आहे. अरुंद आणि लांबलचक. रस्त्याला लागून बाहेरची खोली, मग मधली खोली, मग स्वयंपाकघर आणि सगळ्यात शेवटी आजीची खोली. फायबरची वायर रस्त्यावरच्या खांबावरून येते, त्यामुळे राउटर बाहेरच्या खोलीत. खुब्याचं हाड मोडल्यापासून आजी खोलीतून फारशी बाहेर पडत नाही. तिचा दिवस टीव्हीवरच्या कीर्तनात जातो, आणि तो टीव्ही राउटरपासून पन्नासेक फुटांवर, तीन भिंतींपलीकडे. कीर्तन थांबून स्क्रीनवर गोल फिरायला लागला की आजी काठी भिंतीवर आपटायची. म्हणजे मी उठून यायचं.

मी दोन नोडचा मेश संच आणला. मुख्य नोड बाहेरच्या खोलीत लावला आणि दुसरा थेट टीव्हीच्या मागे ठेवला. टीव्हीवर वाय-फायच्या सगळ्या दांड्या भरल्या. कीर्तन मात्र आधीसारखंच थांबत राहिलं. इंजिनिअरिंगची डिग्री घेऊन मी तीच चूक केली होती, जी बहुतेक सगळे करतात.

## दांड्या भरलेल्या, तरी बफरिंग का?

मेशमध्ये डेटा दोन टप्प्यांत येतो. मुख्य नोडपासून दुसऱ्या नोडपर्यंत पहिला टप्पा, याला बॅकहॉल म्हणतात. दुसऱ्या नोडपासून टीव्हीपर्यंत दुसरा. टीव्हीवर दिसणाऱ्या दांड्या फक्त दुसऱ्या टप्प्याच्या असतात. गच्चीवरच्या टाकीत पाणीच चढत नसेल तर खालचा नळ बदलून काय होणार? माझ्या घरात तेच झालं होतं. नोड टीव्हीला चिकटून होता, पण त्याला स्वतःलाच मुख्य नोडचा सिग्नल तीन भिंतींमधून गाळून मिळत होता.

त्यात आणखी एक अडचण असते. स्वस्त संच ड्युअल बँड असतात, म्हणजे त्यात २.४ आणि ५ गिगाहर्ट्झचा एकेकच रेडिओ असतो. मुख्य नोडकडून डेटा घेणं आणि तोच टीव्हीला देणं, ही दोन्ही कामं तोच रेडिओ आळीपाळीने करतो. त्यामुळे वेग साधारण निम्मा होतो. बॅकहॉल आधीच कमजोर असेल तर त्या निम्म्यात काहीच उरत नाही. ५ गिगाहर्ट्झचा सिग्नल फारच अशक्त झाला तर बरेच नोड २.४ वर उतरतात, आणि तिथे शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या राउटरची गर्दी असते.

म्हणून नियम सोपा आहे. नोड टीव्हीजवळ ठेवायचा नाही. जिथे मुख्य नोड अजून नीट ऐकू येतो, अशा शेवटच्या जागी ठेवायचा.

## ती जागा कशी शोधायची?

अंदाज नको, मोजा. अँड्रॉइड फोनवर वाय-फाय अॅनालायझर प्रकारचं कोणतंही फुकट अॅप चालेल. ते सिग्नल डीबीएममध्ये दाखवतं. हा आकडा उणे असतो आणि शून्याच्या जितका जवळ तितका सिग्नल चांगला. −५० म्हणजे उत्तम, −६० चांगला, −७० च्या पुढे व्हिडिओसाठी भरवसा नाही.

मोजण्याआधी दुसरा नोड बंद करा. नाहीतर फोन हळूच त्याच्यावर उडी मारतो आणि तुम्ही भलत्याच नोडचा सिग्नल मोजत बसता. अॅपमध्ये तुमच्या नेटवर्कच्या दोन ओळी दिसतील, त्यातली ५ गिगाहर्ट्झची बघा. नोड जिथे ठेवायचा त्याच उंचीवर फोन धरा, अर्धा मिनिट थांबा, आणि रात्री जी दारं बंद असतात ती बंद करूनच मोजा. सगळीकडे एकच फोन वापरा, कारण दोन फोन एकाच जागी वेगळे आकडे दाखवू शकतात.

माझ्या घरातले आकडे असे आले:

| जागा | मुख्य नोडचा सिग्नल (डीबीएम) |
|---|---|
| बाहेरची खोली | −३८ |
| मधल्या खोलीचं मागचं दार | −५४ |
| स्वयंपाकघर | −६२ |
| आजीच्या टीव्हीमागे | −७९ |

शेवटचा आकडा पाहिल्यावर कीर्तन का थांबतंय ते कळलं. नोडसाठी −५५ ते −६५ या पट्ट्यातली जागा शोधायची असते. माझ्यासमोर दोन पर्याय होते. मधल्या खोलीच्या दाराशी बॅकहॉल मजबूत होता, पण तिथून टीव्हीपर्यंत दोन भिंती उरत होत्या आणि टीव्हीजवळ नोडचा सिग्नल −७० येत होता. स्वयंपाकघरातून टीव्हीपर्यंत एकच भिंत, त्यामुळे टीव्हीजवळ −५६. म्हणून स्वयंपाकघर पक्कं केलं.

पण खोली ठरली म्हणजे जागा ठरली असं नाही. आधी मी नोड फ्रिजवर ठेवला, तर तिथे मुख्य नोडचा सिग्नल −६७ झाला. फ्रिज म्हणजे पत्र्याची मोठी पेटी, ती लहरी परतवते. समोरच्या भिंतीवरच्या लाकडी फळीवर, साधारण पाच फूट उंचीवर ठेवला तेव्हा −६१ मिळाले. लोखंडी कपाट, मोठा आरसा आणि खुद्द टीव्हीची मागची बाजू यांचाही असाच त्रास होतो.

फ्लॅटमध्ये राहत असाल तर भिंत कसली आहे ते बघा. मोशी, चिखली, रावेत भागातल्या बऱ्याच नव्या टॉवरमध्ये अॅल्युमिनियमचे साचे लावून भिंतीसुद्धा काँक्रीटच्या ओततात, आत सळ्यांची जाळी असते. विटांच्या किंवा ब्लॉकच्या भिंतीपेक्षा अशी भिंत सिग्नल बराच जास्त खाते. तिथे नोड भिंतीआड ठेवण्यापेक्षा पॅसेजमध्ये, दारांच्या रेषेत ठेवा. सिग्नल दारातून वाट काढतो.

## टीव्हीला शेवटची वायर द्या

यानंतर दोन दिवस सगळं सुरळीत चाललं. तिसऱ्या दिवशी लाईट गेली, परत आली, आणि काठी पुन्हा आपटली.

झालं असं की लाईट आल्यावर टीव्ही आणि मुख्य नोड आधी सुरू झाले. दुसऱ्या नोडला मुख्य नोड शोधून जोडून घ्यायला आणखी दोन-तीन मिनिटं लागतात. तोवर टीव्हीने लांबच्या मुख्य नोडचाच अशक्त सिग्नल पकडला. कोणत्या नोडला जोडायचं हे शेवटी टीव्हीच ठरवतो. फोन घरात फिरताना नोड बदलतो, पण टीव्ही एकदा जे पकडतो ते सहसा सोडत नाही.

यावर खात्रीचा उपाय म्हणजे नोड ते टीव्ही लॅन केबल. मी स्वयंपाकघरातून दाराच्या चौकटीला धरून कॅट ६ ची आठ मीटर केबल नेली. आता टीव्हीला चुकीचा नोड पकडता येतच नाही. शिवाय टीव्ही वायरवर गेल्यामुळे नोडच्या रेडिओला एकच काम उरलं, बॅकहॉल सांभाळायचं. बऱ्याच टीव्हींचा लॅन पोर्ट १०० एमबीपीएसचाच असतो, म्हणून स्पीड टेस्टमध्ये आकडा लहान दिसला तर घाबरू नका. नेटफ्लिक्स ४के साठी १५ एमबीपीएस आणि फुल एचडीसाठी ५ एमबीपीएस पुरेसे मानतं. फक्त संच घेतानाच दुसऱ्या नोडला लॅन पोर्ट आहे का ते पाहून घ्या.

केबल नेणं शक्य नसेल तर दोन्ही नोड इन्व्हर्टरवर किंवा छोट्या राउटर यूपीएसवर घ्या, म्हणजे ते लाईटबरोबर बंदच पडणार नाहीत. यूपीएस घेताना अडॅप्टरवर लिहिलेले व्होल्ट आणि अँपिअर जुळवून घ्या. मेशच्या अॅपमध्ये एखादं उपकरण ठरावीक नोडला बांधायची सोय असेल तर तीही वापरा.

आणि एक राहतंच. इंटरनेट कंपनीने दिलेल्या जुन्या राउटरचं वाय-फाय बंद करा. ते चालू राहिलं तर टीव्ही त्याच्यावर आणि फोन मेशवर, अशी फाटाफूट होते. मग फोनवरून टीव्हीवर कास्ट करायचं चिन्ह दिसत नाही आणि कारण कळत नाही.

## खरंच सुधारलं का, हे कसं तपासायचं?

स्पीड टेस्ट रात्री नऊच्या सुमारास करा, तेव्हा सगळी आळी ऑनलाइन असते. आमचा प्लॅन १०० एमबीपीएसचा आहे. नोड टीव्हीमागे असताना तिथे ३ ते १२ एमबीपीएस मिळायचे, आता स्वयंपाकघरातल्या नोडवरून ४० च्या वर मिळतात. पण टीव्हीसाठी सरासरी वेगापेक्षा मध्येच होणारी खीळ जास्त वाईट. ती पकडायला विंडोज लॅपटॉप टीव्हीजवळ ठेवून वाय-फायला जोडा. `ipconfig` मध्ये Default Gateway समोरचा पत्ता बघा आणि तो घालून हे चालवा:

```
ping -n 50 192.168.1.1
```

हा आदेश फक्त घरातल्या घरात, मुख्य नोडपर्यंत जाऊन येतो. आधी माझ्याकडे ४-५ मिलिसेकंदांच्या मध्येच ३०० यायचे, कधी सरळ `Request timed out`. नोड हलवल्यावर बहुतेक उत्तरं १० च्या आत आली. इथे सगळं ठीक असूनही टीव्ही अडकत असेल, तर दोष तुमच्या मेशचा नाही. इंटरनेटची लाईन, नाहीतर टीव्हीतलं अॅप तपासा.

मधल्या जागेतही −७० च्या आसपासच सिग्नल येत असेल, तर बिनतारी बॅकहॉलचा हट्ट सोडा. मुख्य नोडपासून दुसऱ्या नोडपर्यंतच लॅन केबल टाका. मग जागेचा नियम उलटतो आणि नोड खुशाल टीव्हीशेजारी ठेवता येतो. आमच्याकडे तेच उत्तम झालं असतं, पण नव्या रंगावर ड्रिल मारायला आईने साफ नकार दिला.

शेवटचं काम म्हणजे मोजलेले आकडे कागदावर लिहून नोडखाली चिकटवा. दिवाळीत फराळाचे स्टीलचे डबे आईने नेमके नोडसमोर रचले आणि टीव्ही पुन्हा अडकायला लागला. नोड बंद करून तिथे फोन धरला तर −७०, कागदावर −६१. डबे फळीच्या दुसऱ्या टोकाला सरकवले आणि कीर्तन पुढे सुरू झालं.